अंग मोडून, भाकर मोडून

‘हॅव अ ब्रेक, हॅव अ किटकॅट’ ही ब्रिटनमधली १९५०च्या दशकातली जाहिरात. ‘ब्रेक’ म्हणजे विश्रांती आणि ‘ब्रेक’ म्हणजे मोडणेही. ‘विश्रांती घ्या, किटकॅट घ्या’ असे शब्दशः केले, की मोडणे गळते आणि गंमतही जाते. मग मी शोधले, मराठीत दोन्हीकडे चालणारे क्रियापद कोणते? परभणीच्या शिवारात ते सापडले. अंग मोडून कापूस वेचायचा आणि दुपारी बांधावर बसून भाकर मोडायची. ओळ जमली: ‘अंग मोडून काम केलंत? आता किटकॅट मोडा!’ विश्रांती हा शब्द नाही, पण ‘आता’ ती सुचवतो. मात्र दुसरे वाक्य एकटेच छापले, तर श्लेष हरवतो.