लाइट परत आल्यावर

शेअर बाजार सकाळी ९:१५ ला उघडतो आणि दुपारी ३:३० ला बंद होतो. या सव्वासहा तासांत घरच्या संगणकावर स्वतःचा छोटा प्रोग्रॅम चालवून खरेदी-विक्री करणारे बरेच जण आहेत. भाव अमुक झाला की घे, तमुक झाला की वीक, एवढंच काम तो प्रोग्रॅम ब्रोकरने दिलेल्या एपीआयमार्फत करतो. मोठ्या कंपन्यांचे संगणक डेटा सेंटरमध्ये असतात. आपला असतो हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावर. तिथे लाइट जाते आणि नेटही जातं. हातात पोझिशन असताना तसं झालं तर काय होईल, हे ज्याने त्याने पैसे लावण्याआधीच ठरवून ठेवायला हवं.

पहिलं काम विजेचं. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, पण राउटर आणि फायबरचा डबा लाइट जाताच बंद पडतात. लाइट लगेच आली तरी ते पुन्हा सुरू होऊन लाइनवर यायला दोन-तीन मिनिटं जातात. या दोन डब्यांना वीज फार कमी लागते, त्यामुळे राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस त्यांना चांगला वेळ पुरतो. फक्त आपल्या राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळतात का ते पाहून घ्यावा. टेबलावरचा मोठा संगणक घराच्या इन्व्हर्टरवर असेल, तर इन्व्हर्टरचा मोड तपासावा. अनेक इन्व्हर्टरना यूपीएस आणि इको असे दोन मोड असतात. इकोवर असताना इन्व्हर्टर सुरू व्हायला किंचित जास्त वेळ घेतो. पंख्याला तो क्षण जाणवत नाही, संगणक मात्र तेवढ्यात बंद पडू शकतो.

दुसरं काम जोडणीचं. पर्यायी नेट वेगळ्या कंपनीचं आणि वेगळ्या वाटेने येणारं हवं. एकाच खांबावरून आलेल्या दोन फायबर एका खोदकामात तुटतात. काही ठिकाणी स्थानिक केबलवाल्याचा स्विच शेजारच्या इमारतीत साध्या विजेवर चालतो. तिथली लाइट गेली की आपला राउटर सुरू असूनही नेट बंद. म्हणून फायबरच्या जोडीला मोबाइलचं ४जी किंवा ५जी, आणि दोन्ही सांभाळणारा ड्युअल-वॅन राउटर, ही जोडी घराला पुरते. मात्र राउटर जोडणी कशी तपासतो ते बघायला हवं. केबल खोचलेली आहे एवढंच पाहून तो समाधानी होत असेल, तर पुढे कुठेतरी लाइन तुटली तरी तो मोबाइलवर जाणार नाही. बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर दर काही सेकंदांनी पिंग करून पाहण्याची सोय त्यात चालू असावी. फायबर परत आल्यावर त्याने लगेच उडीही मारू नये. पाच-एक मिनिटं लाइन स्थिर राहिली की मगच परतावं, नाहीतर जोडणी इकडून तिकडे होत राहते.

नेट बदललं की जुना संपर्क तुटतो, पण प्रोग्रॅमला ते कळेलच असं नाही. कोणतीही चूक न दाखवता तो जुन्या जोडणीवर वाट बघत बसतो आणि पडद्यावरचा भाव गोठलेला राहतो. बाजार शांत आहे असं वाटतं. म्हणून शेवटचा भाव कधी आला याची वेळ प्रोग्रॅमने सतत तपासावी. जास्त उलाढाल असलेल्या शेअरमध्ये दहा-पंधरा सेकंद नवा भाव आला नाही, तर जोडणी मेली असं धरून ती नव्याने जोडावी, आणि तोवर एकही नवी ऑर्डर टाकू नये.

मोबाइलच्या जोडणीला आणखी एक मर्यादा आहे. सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात एपीआयमधून येणाऱ्या ऑर्डरींसाठी ब्रोकरकडे नोंदवलेल्या स्थिर आयपी पत्त्याची अट घातली. फायबरवर असा पत्ता विकत घेता येतो. मोबाइल नेटचा पत्ता मात्र बदलत राहतो. त्यामुळे पर्यायी नेटवर भाव दिसतात, पण ऑर्डर नाकारली जाऊ शकते. ब्रोकर दुसरा पत्ता नोंदवून घेतो का, हे आधीच विचारावं. घेत नसेल, तर मोबाइल नेटवर प्रोग्रॅमने फक्त लक्ष ठेवायचं आणि विक्रीची वेळ आली तर माणसाने ब्रोकरच्या अॅपमधून किंवा फोनवरून ती करायची, असं ठरवून ठेवावं.

या सगळ्यानंतरही कधीतरी सगळं एकदम बंद पडेल. त्या वेळी उपयोगी पडतो तो बाजारात आधीच टाकून ठेवलेला स्टॉपलॉस. भाव घसरला की विकायचं, हा नियम फक्त प्रोग्रॅमच्या पोटात असेल तर तो लाइटबरोबर जातो. तीच ऑर्डर एक्स्चेंजकडे पडून असेल, तर घर अंधारात असलं तरी त्या दिवसापुरती ती जिवंत राहते. भावाने एकदम मोठी उडी मारली तर मर्यादा भावाची स्टॉपलॉस ऑर्डर विकली न जाता राहू शकते, हेही ध्यानात ठेवावं.

खरी मोठी चूक मात्र लाइट परत आल्यावर होते. समजा, ५०० रुपयांनी १०० शेअर घेतले आणि ४९० चा स्टॉपलॉस एक्स्चेंजकडे टाकला. ११:०५ ला सगळं बंद पडलं. ११:१२ ला भाव घसरला, स्टॉपलॉस लागला, शेअर ४९० च्या आसपास विकले गेले. साधारण हजार रुपयांचा तोटा झाला, पण तो ठरवलेला तोटा होता. ११:२० ला लाइट आली आणि प्रोग्रॅम आपोआप सुरू झाला. त्याच्या फाइलमध्ये अजून ‘हातात १०० शेअर’ असंच लिहिलेलं. भाव ४८७. त्याने नियम पाळला आणि १०० शेअर विकले. जे हातात नव्हते तेच विकल्यामुळे खातं १०० शेअरने शॉर्ट झालं. भाव ४९५ वर गेला की आणखी ८०० रुपये गेले, आणि या पोझिशनला स्टॉपलॉसही नाही.

उपाय साधा आहे: सुरू झाल्यावर प्रोग्रॅमने आपल्या फाइलवर विसंबू नये. आधी ब्रोकरकडून आजच्या पोझिशन आणि आजच्या सगळ्या ऑर्डर मागवाव्यात. वरच्या उदाहरणात पोझिशन शून्य आणि स्टॉपलॉस पूर्ण झालेला दिसला असता. फाइल आणि ब्रोकर यांत फरक दिसला तर ब्रोकरचं खरं मानायचं, मोबाइलवर निरोप पाठवायचा आणि माणसाने हो म्हणेपर्यंत थांबायचं.

आणखी अवघड प्रसंग म्हणजे ऑर्डर पाठवली आणि उत्तर येण्याआधीच नेट गेलं. ती पोचली की नाही, कळत नाही. अशा वेळी तीच पुन्हा पाठवली तर दुप्पट खरेदी होऊ शकते. म्हणून प्रत्येक ऑर्डरला स्वतःची वेगळी खूण द्यावी, पाठवण्याआधी ती फाइलमध्ये लिहावी, आणि परतल्यावर ब्रोकरच्या यादीत ती खूण शोधावी. यादीत ती दिसली तर पुन्हा पाठवायची नाही. दिसली नाही, तर थोडं थांबून पुन्हा बघावं आणि तो भाव अजून उपयोगाचा आहे का, ते नव्याने ठरवावं. आपोआप पुन्हा सुरू होण्यालाही मर्यादा हवी: दहा मिनिटांत तीनदा बंद पडला तर प्रोग्रॅमने चौथ्यांदा उठू नये.

हे सगळं जमलंय का, ते कळायला एकच शेअर घ्यावा, त्याचा स्टॉपलॉस टाकावा आणि बाजार सुरू असताना संगणकाची पिन उपसावी. तो बंद असताना ब्रोकरच्या अॅपमधून तो शेअर हाताने विकून स्टॉपलॉस रद्द करावा आणि मग पिन परत लावावी. प्रोग्रॅमने पोझिशन शून्य असल्याचं ओळखलं, काही विकलं नाही आणि मोबाइलवर निरोप आला, तरच खऱ्या रकमेने चालवायला हरकत नाही.