मुलांचा बोलका सोबती आणि घरची कडी

‘मारणे’ या एका क्रियापदाने महालातल्या आमच्या शेजारच्या तरुण इंजिनिअरला अलीकडे पुरते जेरीस आणले. पाचवीतली मुलगी आणि तिच्या चार मैत्रिणी यांच्यासाठी त्याने एक चॅटबॉट तयार केला होता. म्हणजे मुलीने मोबाइलवर प्रश्न लिहावा आणि यंत्राने मराठीत उत्तर द्यावे. वाईट काही मुलींपुढे येऊ नये म्हणून त्याने निषिद्ध शब्दांची यादी घातली, आणि तिच्यात ‘मारणे’ होते. झाले! ‘हाक मारणे’ वाक्यात वापरून दाखव म्हटले की यंत्र मौन धरी. मी मराठीचा प्राध्यापक. ती यादी तपासणीसाठी माझ्याकडे आली.

यादीचा दुसरा दोष अधिक गंभीर होता. ‘भगतसिंगांना फाशी कधी झाली?’ हा इतिहासातला प्रश्न तिने अडवला. पण ‘मले आता जगाचंच नाई’ हे वाक्य सुखरूप निसटले, कारण यादीतला एकही शब्द त्यात नव्हता. मुले लिहितात ती अशीच : घरच्या बोलीत, कधी रोमन लिपीत, शुद्धलेखनाची पर्वा न करता. तेव्हा पहारा शब्दांवर नव्हे, अर्थावर हवा. आता मुलीचे प्रत्येक वाक्य आधी दुसरे एक यंत्र वाचते आणि तीन खणांपैकी एकात टाकते : अभ्यासाचे, अभ्यासाबाहेरचे, चिंतेचे. उत्तरही मुलीपुढे येण्याआधी त्याच्याच हातून जाते. परीक्षेसाठी मी साठ वाक्ये लिहून दिली. त्यांतली निम्मी नागपुरी वळणाची. ‘गणितानं जीव घेतला’ हे वाक्य चिंतेच्या खणात पडले. ते आम्ही तसेच राहू दिले. फुकटच्या काळजीची किंमत आईचा एक प्रश्न एवढीच. निसटलेल्या वाक्याची किंमत कोण मोजणार?

पण शब्दांहून मोठा प्रश्न गप्पांचा. २०२० साली, शाळा बंद असताना, आपल्या राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘स्वाध्याय’ नावाचा उपक्रम व्हॉट्सअ‍ॅपवर चालवला. दर आठवड्याला प्रश्न येत आणि मुलाने दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे. भलतीकडे जायला तिथे वाटच नव्हती. मात्र ‘असे का?’ हा मुलाचा स्वतःचा प्रश्न विचारायलाही तिथे जागा नव्हती.

मोकळ्या गप्पांत ती जागा आहे; धोकाही तिथेच आहे. असे यंत्र प्रत्येक उत्तरापूर्वी आधीचे सारे संभाषण पुन्हा विचारात घेते. संभाषण फार लांबले की सुरुवातीला घालून दिलेले नियम त्या गर्दीत फिके पडू शकतात आणि यंत्र समोरच्याच्या सुरात सूर मिसळू लागू शकते. लांबलेल्या संभाषणात आपले संरक्षण ढिले पडू शकते, हे ओपनएआय कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःच मान्य केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅरेक्टर एआय कंपनीने १८ वर्षांखालील मुलांसाठी मोकळ्या गप्पा बंदच केल्या.

शेजाऱ्याने मधला मार्ग धरला. मुलीने आधी विषय निवडायचा. त्या विषयात हवे ते विचारायचे. बारा प्रश्नोत्तरे झाली की पान मिटते, आणि नवे पान कोरे उघडते. यंत्राला नाव नाही, ते ‘मैत्रीण’ म्हणवत नाही, आणि उत्तराच्या शेवटी नवा प्रश्न टाकून मुलीला रेंगाळत ठेवत नाही. पाहणाऱ्याने खूण एवढीच ओळखावी : मूल धड्याविषयी विचारायचे सोडून स्वतःविषयी सांगू लागले, की अभ्यास संपून सोबत सुरू झाली.

आता आईवडिलांच्या नजरेविषयी. विषय आणि प्रश्नांची संख्या आईला रोज दिसते. सगळा मजकूरही तिला उघडता येतो. हे मुलीला पहिल्याच पानावर स्पष्ट सांगितलेले आहे. चोरून वाचले आणि ते उघडकीस आले, तर मूल दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर जाते. तिथे आपली कडी चालत नाही.

चिंतेच्या खणात पडलेल्या वाक्यावर यंत्र उपदेश करीत नाही. ‘हे घरच्या मोठ्या माणसाला आत्ताच सांग,’ एवढे म्हणते, १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक दाखवते आणि आईला तत्काळ निरोप धाडते. पण दुःख घरातलेच असले तर? तेव्हा आईला गेलेला निरोप मुलीलाच महागात पडायचा. म्हणून प्रत्येक मुलीने घराबाहेरच्या एका मोठ्या माणसाचे नाव आधीच निवडून ठेवायचे, आणि तक्रार घरच्यांविषयी असेल तर निरोप त्या माणसाकडे जायचा, असे ठरले. शेजाऱ्याच्या मुलीने आपल्या वर्गशिक्षिकेचे नाव दिले. बाई ‘हो’ म्हणाल्या, तेव्हाच हे यंत्र बाकीच्या चौघींच्या हाती गेले.