कातरवेळ की दिवेलागण?

बासरीच्या अल्बमचे नाव ठरवताना आधी त्यातल्या रागांची वेळ पाहावी लागते. हिंदुस्थानी संगीतात बहुतेक रागांना प्रहर नेमून दिलेला आहे, आणि जाणता श्रोता नावावरूनच आत काय असेल याचा अंदाज बांधतो. ‘पहाट’ नावाच्या अल्बममध्ये बागेश्री वाजू लागला तर तो बुचकळ्यात पडतो, कारण बागेश्री रात्रीचा.

पण नुसती वेळ सांगून भागत नाही. सूर्यास्ताच्या सुमाराला मराठीत गोधूळ, कातरवेळ, दिवेलागण असे कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाचा भाव निराळा आहे. मारवा घ्या. त्यात पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. शिवाय षड्जावर विसावणे वादक शक्यतो लांबवतो. त्यामुळे सूर घरी परतत नाहीत अशी हुरहुर लागून राहते. अशा वादनाला ‘कातरवेळ’ शोभते. यमन त्यानंतरचा, रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. त्याच्या प्रसन्न, स्थिर स्वभावाला ‘कातरवेळ’ उगाच उदास करील. तिथे ‘दिवेलागण’ बरी. एकाच अल्बममध्ये आधी मारवा आणि मग यमन असेल, तरीही ‘दिवेलागण’च सोयीची, कारण त्या शब्दात सरता उजेडही आहे आणि सुरू होणारी रात्रही. ‘संधिप्रकाश’ मात्र जपून वापरावा. शास्त्रात संधिप्रकाश राग पहाटेचेही असतात आणि संध्याकाळचेही, म्हणजे नेमकी वेळ मोघमच राहते.

स्वर तेच असूनही वेळ बदलते, तिथे नावाची खरी कसोटी लागते. भूप आणि देशकार या दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर. भूपात गंधाराला मान, तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी. देशकारात धैवताला, आणि तो सकाळी. देशकाराच्या अल्बमला ‘रामप्रहर’ म्हटले, तर भूप ऐकतो आहोत असा समज होण्याआधीच श्रोता सावध होतो.

अल्बमचा पल्ला दिवसभराचा असेल तर एका वेळेचे नाव चालत नाही. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचे संतूर, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस उभा करतात. सुरुवात अहीर भैरवाने, म्हणजे सकाळच्या रागाने होते. नावात फक्त दरी आणि तिची साद आहे. वेळ सांगण्याचे काम रागांचा क्रम करतो.

पहाडी धून वेळेचे बंधन फारसे पाळत नाही, आणि मेघ तर ऋतूशी बांधलेला. अशा वादनाला ओढूनताणून प्रहर चिकटवण्यापेक्षा नावात डोंगर किंवा पाऊस आलेला बरा. ‘मुरली’, ‘वेणू’, ‘वृंदावन’ ही नावे मात्र इतकी वापरून झाली आहेत की त्यांतून वाद्य तेवढे कळते. काव्यमय नाव ठेवले तरी खाली बारीक अक्षरांत रागाचे नाव छापलेले असावे. शोधणारा बहुधा तेच शोधत असतो.