खातेउताऱ्याचा रोजकीर्दीशी मेळ

महिनाअखेरीस रोजकीर्दीतील बँकेची शिल्लक आणि बँकेने दिलेल्या खातेउताऱ्यातील शिल्लक सहसा एकसारखी नसते. तेवढ्यावरून अफरातफरीचा संशय घेणे योग्य नव्हे. परंतु "पुढील महिन्यात जुळेल" असे म्हणून फरक सोडून देणे हेही तितकेच धोक्याचे. फरक कशाकशाचा आहे हे ओळीओळीने दाखविता आले पाहिजे. या कामालाच बँक ताळमेळ म्हणतात.

उतारा वाचताना प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. खातेउतारा ही बँकेच्या वहीतील आपल्या खात्याची नक्कल होय. आपण भरलेली रक्कम बँक आपल्या खाती जमा दाखविते. आपल्या खतावणीत मात्र तीच रक्कम बँकेच्या नावे पडते. त्यामुळे दोन्हीकडील बाजू उलट दिसतात. ही चूक नसून हिशेबाची रीतच आहे.

खुणा कशा कराव्यात?

उताऱ्याची आरंभीची शिल्लक मागील उताऱ्याच्या अखेरच्या शिलकेशी जुळते ना, हे आधी पाहावे. नाहीतर मधले एखादे पान हरवलेले असावयाचे. नंतर प्रत्येक ओळीची रक्कम, धनादेश क्रमांक व तारीख रोजकीर्दीशी ताडून दोन्हीकडे खूण करावी. मागील महिन्यात न जुळलेल्या नोंदींची यादीही जवळ असावी. त्यातील बहुतेक नोंदी या उताऱ्यात सापडतात. शेवटी ज्या ओळींवर खूण उरत नाही, त्यांतच सारा फरक दडलेला असतो.

एक उदाहरण

एका ग्राहक भांडाराचे चालू खाते आहे असे समजू. ३१ मार्च रोजी रोजकीर्दीप्रमाणे बँक शिल्लक रु. ८४,३५० आणि उताऱ्याप्रमाणे रु. ९८,२५२ आहे. फरक रु. १३,९०२ चा.

खुणा केल्यावर असे आढळले की, व्यापाऱ्यांना दिलेले रु. ९,२०० व रु. ६,५०० चे दोन धनादेश अद्याप वटलेले नाहीत. ३० मार्चला भरलेला रु. ४,००० चा धनादेश बँकेने अजून जमा केलेला नाही. या तिन्ही नोंदी रोजकीर्दीत बरोबरच आहेत. फरक केवळ वेळेचा आहे. म्हणून वहीला हात न लावता बँकेच्या शिलकेतूनच हिशेब करावयाचा : ९८,२५२ अधिक ४,००० वजा १५,७०० म्हणजे रु. ८६,५५२.

उलटपक्षी, एका ग्राहकाने खात्यावर परस्पर भरलेले रु. २,५०० आणि बँकेने आकारलेले शुल्क, करासह रु. ११८, भांडाराच्या वहीत आलेलेच नाहीत. ते धरता वहीची शिल्लक रु. ८६,७३२ होते. तरीही रु. १८० चा फरक उरतो.

या रकमेला ९ ने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेल्यास फरकाला नेहमी ९ ने भाग जातो, असा हिशेबनिसांचा अनुभव आहे आणि तो गणितानेही खरा आहे. मात्र अन्य कारणे बाजूला काढण्यापूर्वी ही कसोटी उपयोगी पडत नाही. मूळच्या १३,९०२ ला ९ ने भाग जात नाही. शोध घेता रु. ५,६४० चा एक धनादेश रोजकीर्दीत रु. ५,४६० असा लिहिलेला सापडला. धनादेशाच्या स्थळप्रतीवर ५,६४० हीच रक्कम होती. म्हणजे चूक बँकेची नसून वहीची. खाडाखोड न करता रु. १८० ची दुरुस्तीची स्वतंत्र नोंद घातली की दोन्हीकडे रु. ८६,५५२ येतात. स्थळप्रत वहीशी जुळली असती, तर बँकेस लेखी कळवावे लागले असते.

मेळ बसल्यानंतर

आकडे जुळले तरी तपासणी संपत नाही. भरलेला धनादेश काही दिवसांत आणि भरलेली रोकड बहुधा त्याच दिवशी उताऱ्यात दिसावयास हवी. "भरणा केला, जमा होणे बाकी" अशी रोकड पुढील महिन्याच्या यादीतही तशीच राहिली, तर भरणा पावती मागवून पाहावी. पैसा बँकेत पोहोचलाच नसण्याचा संभव असतो. दिलेला धनादेश तारखेपासून तीन महिनेच चालतो. त्यानंतरही तो न वटलेल्यांत दिसत असेल, तर ज्याला दिला त्याच्याकडे चौकशी करून ती रक्कम वहीत परत घ्यावी.

याच कारणास्तव रोकड हाताळणाऱ्याने मेळ घालू नये. तो दुसऱ्याने घालावा आणि पत्रकावर न जुळलेली प्रत्येक नोंद तारखेसह लिहावी. ताळमेळालाही मर्यादा आहेच. जी विक्री वहीत लिहिलीच नाही आणि जिचा पैसा बँकेत आलाच नाही, ती उताऱ्यावरून कळत नाही. तिच्यासाठी पावतीपुस्तकांचे अनुक्रमांक आणि मालाचा साठाच तपासावा लागतो.