एका बाळाची दोन अक्षरं

1 जानेवारी 2000, संध्याकाळचे साडेपाच, मुंबई. या जन्मवेळेची पत्रिका एकाच संगणकावर, एकाच प्रोग्रॅममध्ये दोनदा काढून पाहावी. पहिल्या खेपेला अयनांशाच्या रकान्यात ‘लाहिरी’ निवडायचं, दुसऱ्या खेपेला ‘रामन’. बाकी कशालाही हात लावायचा नाही.

पहिल्या कागदावर चंद्र तूळ राशीत 19 अंश 28 कलांवर येतो. म्हणजे स्वाती नक्षत्र, चौथा चरण, देवगण, आणि बारशाचं अक्षर ‘ता’. दुसऱ्या कागदावर तोच चंद्र तुळेतच 20 अंश 54 कलांवर दिसतो. स्वाती 20 अंशांवर संपतं, त्यामुळे नक्षत्र विशाखा, पहिला चरण, गण राक्षस आणि अक्षर ‘ती’. रास तीच राहिली, पण पुढे लग्न जुळवताना वधूवरांच्या घरी ज्यावर खल होतो त्या गोष्टी बदलल्या. आकाशातला चंद्र मात्र जागचा हलला नव्हता.

हललं होतं ते मोजपट्टीचं शून्य. खगोलशास्त्र ग्रहांचं स्थान वसंत संपातापासून मोजतं. मार्चच्या 20-21 तारखेला सूर्य जिथे विषुववृत्त ओलांडतो, तो हा बिंदू. त्या मापाने वरच्या वेळेला चंद्र 223 अंश 19 कलांवर होता, यावर दोन ज्योतिषांतही वाद नाही. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलत असल्याने संपातबिंदू तारकांमधून दरवर्षी सुमारे 50 विकला मागे सरकतो. साधारण 72 वर्षांत एक अंश. आपल्याकडची पत्रिका निरयन, म्हणजे तारकांना धरून असते. म्हणून संपात तारकांच्या शून्यापासून आजवर किती सरकला, तेवढं वजा करावं लागतं. ही वजा करायची रक्कम म्हणजे अयनांश. 2000 च्या आरंभी लाहिरींचा अयनांश 23 अंश 51 कला होता आणि रामन यांचा 22 अंश 25 कला. कमी वजा केलं की ग्रह पुढे दिसतो. आपला चंद्र पुढे गेला तो यामुळे.

मग तारकांचं शून्य नेमकं कुठे? खरी अडचण इथेच आहे. मेष राशीच्या आरंभी सर्वांनी मान्य करावा असा ठळक तारा नाही. रेवतीचा म्हणून जो तारा दाखवतात तो शहरातून डोळ्यांना दिसणंही मुश्किल, इतका मंद आहे. म्हणून एका पक्षाने समोरचं टोक धरलं: झगझगीत चित्रा तारा बरोबर 180 अंशांवर ठेवायचा, म्हणजे त्याच्या समोर शून्य आपोआप ठरतं. हा चित्रापक्ष. वेंकटेश बापूजी केतकरांनी महाराष्ट्रात त्याची बाजू लावून धरली. पुढे 1952 मध्ये केंद्र सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. समितीचे सचिव होते निर्मलचंद्र लाहिरी. समितीने 21 मार्च 1956 रोजी अयनांश 23 अंश 15 कला असल्याचं ठरवलं आणि राष्ट्रीय पंचांग त्यावर चालू लागलं. बहुतेक प्रोग्रॅममध्ये ‘लाहिरी’ आधीच निवडलेलं असतं ते त्यामुळेच.

बंगळुरूचे बी. व्ही. रामन यांनी वेगळा हिशेब केला. संपात आणि तारकांचं शून्य इसवी सन 397 मध्ये एकत्र होते, असं त्यांनी धरलं. लाहिरींच्या हिशेबाने हे वर्ष 285 च्या आसपास येतं. शंभराहून अधिक वर्षांच्या या फरकातून आजचा सुमारे 1 अंश 27 कलांचा फरक पडतो. दोन्हींची वार्षिक गती जवळपास सारखी असल्याने हा फरक मुलाच्या पत्रिकेत आणि आजोबांच्या पत्रिकेत जवळपास तेवढाच राहतो.

दीड अंश म्हणजे किती मोठी गोष्ट, हे कशाकडे पाहता त्यावर अवलंबून आहे. रास 30 अंशांची, त्यामुळे एखादा ग्रह रास बदलण्याची शक्यता शेकडा पाचही नाही. नक्षत्र 13 अंश 20 कलांचं, तिथे ती अकराच्या घरात जाते. नवमांश मात्र 3 अंश 20 कलांचाच, म्हणून तिथे ती चाळीसच्या पुढे. नऊ ग्रहांतले तीन-चार नवमांशात घर बदलून बसले, तर नवल नाही.

सर्वांत मोठा हादरा महादशेला बसतो. वरच्या उदाहरणात लाहिरींप्रमाणे चंद्र स्वातीत आहे, म्हणजे जन्मतः राहूची दशा. पण नक्षत्राच्या जेमतेम 32 कला उरल्याने राहूचे फक्त साडेआठ महिने शिल्लक. त्यानंतर गुरूची 16 वर्षं, आणि शनीची दशा सप्टेंबर 2016 मध्ये सुरू. रामन यांच्याप्रमाणे चंद्र विशाखेत 54 कला पुढे गेलेला असल्याने जन्मापासूनच गुरू, आणि शनी लागतो डिसेंबर 2014 च्या सुमारास. पावणेदोन वर्षांहून जास्त फरक. एका कागदावर दहावीच्या वर्षात शनी आहे, दुसऱ्यावर गुरू. कृष्णमूर्ती पद्धतीचा अयनांश लाहिरींपेक्षा फक्त सहा कलांनी कमी आहे, तरी तेवढ्यानेही इथे दशा दीडेक महिना सरकते.

दोन पत्रिकांत फरक दिसला की दोष अयनांशाचाच, असं समजू नये. ओळखण्याची खूण सोपी आहे. अयनांशामुळे लग्नबिंदूसकट सगळे ग्रह सारख्याच कलांनी सरकतात; त्यांच्यातली आपापसातली अंतरं बदलत नाहीत. लग्न पंधराएक अंश, चंद्र अर्धा अंश आणि शनी जागच्या जागी, असं दिसलं तर जन्मवेळ तासाने चुकली आहे. 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 या काळात भारतातली घड्याळं युद्धामुळे एक तास पुढे होती. त्या वर्षांतल्या पत्रिकांत ही चूक हमखास सापडते. आणि फक्त राहू-केतू हलले असतील, तर एकीकडे मध्यम राहू घेतलाय आणि दुसरीकडे स्पष्ट.

महाराष्ट्राला अयनांशाचा वाद नवा नाही. टिळक पंचांग रेवतीपक्षाचं आहे आणि त्याचा अयनांश लाहिरींपेक्षा जवळजवळ चार अंशांनी कमी. त्यामुळे त्यातली मकर संक्रांत 10 जानेवारीच्या सुमारास येते. अधिक महिना संक्रांतीवरून ठरत असल्याने 2023 मध्ये तर टिळक पंचांगाची गणेश चतुर्थी 20 ऑगस्टला झाली. इतरांनी अधिक श्रावण धरून ती 19 सप्टेंबरला केली.

यातला कुठला अयनांश खरा, हे गणित सांगू शकत नाही. कुठल्या ताऱ्याला शून्य मानायचं हा संकेताचा प्रश्न आहे. ‘माझ्या आयुष्यातल्या घटना याच अयनांशाने जुळतात’ हा पुरावाही तकलादू, कारण मागे वळून पाहिलं की काही ना काही दोन्हीकडे जुळतंच. ज्या परंपरेचं फलित वाचायचं तिचाच अयनांश घ्यावा, कृष्णमूर्तींचे नियम लावायचे तर कृष्णमूर्तींचा, आणि गुणमेलनासाठी मुलाची व मुलीची पत्रिका एकाच अयनांशावर काढलेली असावी.

जुनी पत्रिका कशावर बेतलेली आहे हे ठाऊक नसेल, तर तिच्यावर अयनांशाचा आकडा छापलेला आहे का ते आधी पाहा. 1975 सालच्या जन्माला 23 अंश 30 कलांच्या आसपास असेल तर लाहिरी, 22 अंश 4 कलांच्या आसपास असेल तर रामन. आणि नवी पत्रिका काढायला देताना तारीख, वेळ आणि गाव यांच्या जोडीला हा आकडाही लिहून द्या.