वड्याच्या कढईचा फोटो काय सांगतो?

जोगेश्वरी स्टेशनबाहेर संध्याकाळी उतरणारा कामगार वडापाव खाऊनच घराकडे वळतो. त्यातलाच एक कागदात बांधून मुलांसाठीही नेतो. त्यामुळे गाडीवरचे तेल कसे आहे, हा आपल्या घरचाच प्रश्न आहे. हल्ली मोबाईलवर कढईचा फोटो काढून "बघा, किती काळे तेल!" असे म्हणत तो वस्तीभर फिरवला जातो. अशा फोटोवरून खरोखर किती समजते, ते आम्ही येथे सांगणार आहोत.

तेल खराब का होते, ते आधी पाहू. वडा तेलात पडला की त्यातले पाणी वाफ होऊन निघते. ही वाफ, वरची हवा आणि आच या तिघांमुळे तेलाचे घटक तुटतात व नवे, घातक घटक तयार होतात. शास्त्रज्ञ त्यांना ध्रुवीय घटक म्हणतात. 1 जुलै 2018 पासून आपल्या देशात असा नियम आहे की, हे घटक 25 टक्क्यांपेक्षा जास्त झालेले तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. हा आकडा तेलात बुडवायच्या मीटरने किंवा प्रयोगशाळेतच कळतो. डोळ्यांना मिळतात त्या फक्त खुणा.

आता एक फोटो घेऊ. संध्याकाळची वेळ, गाडीवर पिवळा दिवा, लोखंडी कढई, तेल कोऱ्या चहासारखे. कढईत पाच-सहा वडे, त्यांच्याभोवती बुडबुडे आणि एका काठाला बारीक, तपकिरी फेस.

पहिली खूण रंगाची. पाहणारा आधी तिलाच धरतो, पण ती सर्वांत कच्ची आहे. काळ्या कढईत चांगले तेलही काळपट दिसते, पिवळ्या दिव्यात तर अधिकच. बेसनाचा चुरा तळाशी जळला की एका दिवसात तेल गडद होते. उलट, पामतेल बरेच वापरले तरी फिकट दिसू शकते. शिवाय जुन्या तेलात नवे ओतले की रंग उजळतो, पण जुने घटक तिथेच राहतात. तेव्हा या फोटोतल्या काळेपणावरून निकाल देता येत नाही.

दुसरी खूण फेसाची. वड्याभोवतीचे मोठे बुडबुडे म्हणजे निघणारी वाफ. ते नव्या तेलातही येतात आणि वडा बाहेर काढला की लगेच फुटतात. तेल थकले की ते दाट होते, मग फेस बारीक होतो, काठाने वर चढतो आणि कढई रिकामी झाली तरी टिकतो. आपल्या फोटोत काठाचा फेस तसाच दिसतो. पण वडा नुकताच उचलला असेल, तर तोही क्षणभराचा असेल. एका फोटोत हे कळत नाही. म्हणून वडे काढल्यावर अर्ध्या मिनिटाने दुसरा फोटो हवा. त्यातही फेस असेल आणि नेहमीच्या आचेवर तेलातून धूर निघत असेल, तर संशय पक्का धरावा.

तिसरी खूण वासाची, आणि ती फोटोत येतच नाही. कढईच्या काठावरचा चिकट तपकिरी थर पाहून काहीजण वास ओळखल्यासारखे बोलतात; पण तो थर कित्येक महिन्यांचाही असतो. तो कढईबद्दल सांगतो, आजच्या तेलाबद्दल नाही. त्यासाठी गाडीपाशीच जावे लागते. ताज्या तळणाचा वास खमंग येतो. थकलेल्या तेलाचा वास खवट, जळका येतो, त्याच्या धुराने डोळे चुरचुरतात आणि वडा खाल्ल्यावर घशाशी तेलकट चव रेंगाळते.

टिकणारा फेस, धूर आणि खवट वास या तीन गोष्टी एकत्र आल्या तर तेथे खाऊ नये आणि मुलांनाही देऊ नये. मात्र तेवढ्यावरून त्या गाडीवाल्याचा फोटो फिरवून त्याच्या पोटावर पाय देऊ नये. तोही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला माणूस असतो. आधी त्याच्याशी बोलावे. दर घाण्यानंतर चुरा काढणे, रात्री तेल गाळून झाकून ठेवणे, जुन्यात नवे न ओतणे आणि फेस टिकू लागला की तेल बदलणे, एवढे त्याच्या हातात आहे.

न ऐकल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तारीख, वेळ व जागा लिहून तक्रार करावी. फोटो सोबत जोडावा. पण पुरावा ठरतो तो अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने घेतलेला नमुना. रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना 2019 पासून तेलाची नोंदवही ठेवावी लागते. छोटी गाडी त्यात येत नाही, पण 25 टक्क्यांची मर्यादा तिलाही लागू आहे. अशा ठिकाणी नोंदवही नसते, तेव्हा गिऱ्हाईकाने पाव हातात घेण्याआधी कढईकडे अर्धा मिनिट पाहावे.