चार ओळींतली नऊ वर्षं

१९८२ च्या सुरुवातीची गोष्ट. अ‍ॅपल कंपनीत 'लिसा' या संगणकाचं काम जोरात चालू होतं आणि व्यवस्थापकांनी एक नवा फॉर्म काढला होता. आठवडाभरात कोडच्या किती ओळी लिहिल्या, हे प्रत्येक अभियंत्याने त्यात भरून द्यायचं. बिल अ‍ॅटकिन्सन त्याच सुमारास पडद्यावर आकृत्या काढणाऱ्या 'क्विकड्रॉ' या प्रणालीचा एक भाग नव्याने लिहीत होते. नवा कोड जवळपास सहापट वेगाने चालू लागला आणि जुन्यापेक्षा सुमारे दोन हजार ओळींनी लहान झाला. त्यांनी रकान्यात आकडा भरला: उणे दोन हजार. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे तो फॉर्म मागणंच बंद झालं. त्यांचे सहकारी अँडी हर्ट्‌झफेल्ड यांनी ही आठवण लिहून ठेवली आहे.

तो फॉर्म गेला, पण त्याची सवय रेझ्युमेत उरली. रेझ्युमेच्या माथ्यावर चार-पाच ओळींचा सारांश असतो. 'सीनियर'ची पाटी बदलून 'लीड'ची लावायची, तेव्हा निवड करणारा पहिल्यांदा तोच वाचतो. नऊ-दहा वर्षं मुरलेला माणूस तिथे काय लिहितो? 'नऊ वर्षांचा अनुभव. जावा, स्प्रिंग बूट, काफ्का, पोस्टग्रेस यांत प्रावीण्य. दर्जेदार कोड वेळेत देण्याची हातोटी. उत्तम टीम प्लेयर.' यातलं काहीही खोटं नसतं. मात्र हेच शब्द चार वर्षं काम केलेल्या मुलानेही लिहिलेले असतात. लीड नेमणाऱ्याला वेगळंच काहीतरी हवं असतं: या माणसाच्या हाताबाहेरचं काम याच्यामुळे बदललं का?

समजा, पुण्यात हिंजवडीच्या एका कंपनीत पेमेंटची प्रणाली सांभाळणारी एक सीनियर अभियंता आहे. एका संध्याकाळी व्यवहारांची नोंद होणं अचानक थांबलं. शेजारच्या टीमने व्यवहारांच्या टेबलवर नवा इंडेक्स बनवायला घेतला होता. पोस्टग्रेसमध्ये साध्या आज्ञेने इंडेक्स बनवला, तर तो पूर्ण होईपर्यंत त्या टेबलात काहीही लिहिता येत नाही. वाचणं तेवढं चालू राहतं. टेबल छोटं असेल तर कुणाला पत्ताही लागत नाही. कोट्यवधी नोंदी असतील तर मात्र दुकानदारांचे फोन येतात. तिने ते काम थांबवलं आणि रात्री वेगळ्या आज्ञेने इंडेक्स बनवला:

```sql
CREATE INDEX CONCURRENTLY idx_txn_merchant
ON transactions (merchant_id);
```

या पद्धतीने वेळ जास्त लागतो आणि ती ट्रॅन्झॅक्शनच्या आत चालत नाही. मधेच फिसकटलं तर अर्धवट, निरुपयोगी इंडेक्स मागे राहतो आणि तो हाताने काढून टाकावा लागतो. पण लिहिणं थांबत नाही.

इथवरचं काम सीनियरचं. सारांशात ते 'डेटाबेसमधील लॉकची अडचण सोडवली' असं उतरतं आणि वाचणारा पुढे सरकतो.

खरी गोष्ट पुढच्या तीन महिन्यांत घडली. तिने आधीच्या वर्षाच्या बिघाडांच्या नोंदी चाळल्या. डेटाबेसच्या बदलांमुळे पाच वेळा सेवा अडली होती आणि त्यांतल्या चार वेळा कारण हेच होतं. चारही वेळा चूक करणारी माणसं वेगळी होती. म्हणजे एकेकाला गाठून शिकवण्यात अर्थ नव्हता. तिने बिल्डच्या टप्प्यावर एक छोटी तपासणी बसवली. इंडेक्स साध्या आज्ञेने बनवला जात असेल, तर बदल तिथेच अडतो आणि सुरक्षित पद्धत दाखवणारा संदेश येतो. नव्या, रिकाम्या टेबलाला सूट ठेवली, नाहीतर लोक वैतागून तपासणीच बंद करतात. मग तिने आणखी तीन टीमच्या लोकांसोबत बसून त्यांच्याकडेही ती लावून दिली. पुढच्या वर्षभरात डेटाबेसच्या बदलामुळे एकदाच सेवा अडली.

आता सारांशातली ओळ अशी होते: 'चार टीमच्या डेटाबेस-बदलांसाठी स्वयंचलित तपासणी उभी केली, बदलांमुळे सेवा अडण्याचे प्रसंग वर्षाला पाचवरून एकवर आले.' किती जणांपर्यंत पोचलं, आधी काय होतं, नंतर काय झालं, सगळं एका वाक्यात आलं. ती उद्या महिनाभर गावी गेली तरी तपासणी चालू राहणार, हेही न सांगता कळतं. तीस तंत्रज्ञानांची यादी खाली कौशल्यांच्या रकान्यात जाते. सारांशात पोस्टग्रेस आणि पेमेंट एवढंच उरतं, कारण कोणत्या मातीत हे काम केलं ते कळायलाच हवं.

इथे काही जण दुसऱ्या टोकाला जातात. 'पंधरा जणांच्या टीमचं नेतृत्व केलं', 'पाच ज्युनियर घडवले'. आपल्याकडे 'लीड' हा शब्द तसाही सैल झाला आहे. तीन महिने स्टँडअप चालवलेलाही लीड आणि संपूर्ण प्रणालीची रचना ठरवणारीही लीड. मुलाखत घेणारा जाणकार असेल तर दोन प्रश्नांत हवा निघते. घडवले म्हणजे नेमकं काय झालं? त्यांच्यातलं कुणी एकट्याने ऑन-कॉल सांभाळू लागलं का? रचनेचा कोणता निर्णय तुमचा होता आणि त्याला विरोध कुणी केला होता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बनावट देणं फार अवघड. निर्णय खरोखर घेतलेल्या माणसाला विरोध करणाऱ्याचा मुद्दा अजून आठवत असतो, आणि बहुतेकदा थोडा पटलेलाही असतो.

आणखी एक खड्डा आहे आणि त्याबद्दल अनुभवी अभियंता टान्या राइली बरीच वर्षं बोलत आल्या आहेत. दोन टीममधला गैरसमज मिटवणं, नव्या माणसाला वाट दाखवणं, राहून गेलेले दस्तऐवज लिहिणं, या कामांना त्या 'ग्लू वर्क' म्हणतात. प्रकल्प अशा डिंकानेच चिकटून राहतो. पण बढतीच्या वेळी तेच काम अंगावर येतं. 'हिचं तांत्रिक योगदान कुठे आहे?' असं विचारलं जातं. म्हणून सारांशातून स्वतःचं तंत्र पूर्ण पुसून 'समन्वय', 'मार्गदर्शन' एवढंच ठेवणं धोक्याचं. वरच्या ओळीत तपासणीही आहे आणि चार टीमही आहेत. तपासणी काढली तर ती समन्वयक वाटेल. टीम काढल्या तर पुन्हा जुनीच सीनियर.

आकड्यांचंही तसंच. नोंद कुठून आली हे सांगता येत नसेल, तर तो आकडा न लिहिलेला बरा. या बाईंकडे बिघाडांच्या नोंदवहीचा आधार होता. कंपनीच्या गोपनीयतेमुळे व्यवहारांच्या रकमा त्यांना लिहिता आल्या नाहीत, पण प्रसंगांची संख्या बाहेर सांगायला त्यांच्या कंपनीची हरकत नव्हती.

मुलाखतीत साहजिकच विचारलं गेलं, की उरलेला एक प्रसंग कशामुळे घडला? तो इंडेक्सचा नव्हताच. जुन्या मोठ्या टेबलातल्या एका रकान्यावर कुणीतरी 'रिकामा चालणार नाही' अशी अट घातली होती. ती लागू करताना पोस्टग्रेस सगळ्या नोंदी तपासतो आणि तोवर टेबल वाचायलाही बंद असतं. तपासणीला हा प्रकार ठाऊक नव्हता. पुढच्याच आठवड्यात तो नियम तीत घातला गेला. घालणारा दुसऱ्या टीममधला एक मुलगा होता. बाईंची आणि त्याची तोवर भेटही झाली नव्हती.